शीर्षकासाठी पंधरा मिनिटं

अक्षरं गिरवायला लागण्याआधी मी पत्रकाच्या घड्या घालायला शिकले. बाबा रसायनीच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात होते. मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांत कामगारांची, वाड्यांची, रस्त्याची, पाण्याची पत्रकं येऊन पडायची आणि तिथूनच वाटायला जायची. मी जमिनीवर बसून ती दुमडायची आणि दुमडता दुमडता वाचायची. वर मोठ्या अक्षरात काय झालं ते, खाली कुठे झालं ते, आणि शेवटी छापणाऱ्याचं नाव. बाबांचा एकच नियम होता. ज्या पत्रकावर गावाचं नाव नाही, ते वाटायचं नाही. "गाव नसलं की ती अफवा होते," ते म्हणायचे.

आता पत्रक कोणी वाचत नाही, म्हणून मी व्हिडिओ करते. सोमवारी कुठला दाखला कसा काढायचा ते, बुधवारी एखाद्या वाडीवरचा प्रश्न, शुक्रवारी आलेल्या प्रश्नांची उत्तरं. चॅनलवर मी एकटीच. कॅमेरा म्हणजे फोन, कचेरी म्हणजे ओट्याशेजारचं टेबल. सुरुवातीला मला वाटायचं की खरं बोललं की लोक येतात. नाही येत. ज्या शब्दांनी लोक शोधतात ते शब्द व्हिडिओवर नसले तर तो विहिरीत टाकल्यासारखाच असतो. हे समजायला मला वर्ष लागलं, आणि त्यानंतर मी रविवारची सकाळ या एकाच कामासाठी बांधून घेतली. त्याला मेटाडेटा म्हणतात. बाबा त्याला "मथळा आणि पत्ता" म्हणतात आणि ते जास्त बरोबर आहे.

नऊला बसायचं, बाराला उठायचं. पहिला अर्धा तास शोधाच्या शब्दांना. गेल्या आठवड्यात लोक काय टाइप करून माझ्यापर्यंत आले ते बघायचं, आणि शोधाच्या चौकटीत विषयाचे पहिले दोन शब्द टाकून खाली काय काय सुचवलं जातं ते टिपायचं. मग तिन्ही शीर्षकं, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. तीन पर्याय लिहायचे, मोठ्याने वाचायचे, एक ठेवायचा. मुख्य शब्द सुरुवातीलाच हवा, कारण फोनवर शीर्षकाची शेपटी कापली जाते. वर्णनालाही प्रत्येकी पंधरा. त्यातल्या पहिल्या दोन ओळींवरच जीव लावायचा, कारण बाकीचं लोकांनी दाबून उघडल्याशिवाय दिसत नाही. थंबनेलवरचे, म्हणजे व्हिडिओच्या दर्शनी चित्रावरचे, तीन-चार शब्द आणि टॅग यांना मिळून व्हिडिओमागे दहा. टॅग फारसे कामाचे नसतात. एकच शब्द लोक मराठीत आणि रोमनमध्ये वेगवेगळा लिहितात, तेवढ्यापुरते घालायचे. व्हिडिओत कुठे काय आहे त्याच्या वेळा लिहायला पाच-पाच मिनिटं, पहिली वेळ शून्यापासून. शेवटची पंधरा मिनिटं तिन्हींचे दिवस लावायला आणि दुसऱ्या फोनवर सगळं परक्या माणसाच्या नजरेने बघायला. मग गुरुवारी दुपारी वीस मिनिटं तपासणी. लोक थंबनेल बघून पुढे जात असतील तर एकच गोष्ट बदलायची, शीर्षक किंवा चित्र. दोन्ही एकदम बदलली तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

त्या एप्रिलमधल्या रविवारी बुधवारच्या व्हिडिओच्या शीर्षकाला पंधरा मिनिटं पुरली नाहीत. तासभर लागला.

व्हिडिओ खालापूर तालुक्यातल्या डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीचा होता. वाडीला प्यायला एक टाकं आहे. खडकातून पाणी पाझरतं, खालच्या खोलगट भागात साठतं, बायका कळशी बुडवून नेतात. फेब्रुवारीनंतर ते पाझरणं बारीक होतं. टँकर हवा म्हणून अर्ज झाला होता आणि पुढच्या सोमवारी पाहणी ठरली होती. तोवर हेच पाणी. वाडीतल्या एका मावशींनी मला बोलावलं होतं. सगळ्या बायकांच्या वतीने त्याच बोलतात. त्यांची अट आधीच ठरलेली होती.

"टाक्याचा तळ दाखव. किती पानी उरलंय त्या सायबाला दिसू दे. पन टाक्याचं नाव नको, वाट नको."

अट का, ते मला माहीत होतं. आदल्या वर्षी पलीकडच्या वाडीच्या डोहाचा कोणीतरी छोटा व्हिडिओ टाकला होता आणि दोन रविवारात तिथे बाटल्या, साबण आणि चपला तरंगत होत्या. तो डोह गुरांचा होता. हे टाकं माणसांचं.

बाबा मात्र ऐकेनात. मी शीर्षकाचे पर्याय वाचून दाखवत होते आणि ते चहाचा कप हातात धरून माझ्या मागे उभे होते.

"वाडीचं नाव कुठाय?"

"वाडीचं आहे. टाक्याचं नाही."

"अर्धा पत्ता? म्हणजे पोस्टमननं काय करायचं?"

"बाबा, हा पोस्टमन गाड्या भरून येतो."

"मग लपूनछपून लढणार? आम्ही गेटवर उभं राहून नावानिशी पत्रकं वाटली."

"तुमचं पत्रक वाचून गेटवर कोणी पोहायला नाही आलं."

ते गप्प झाले नाहीत, पण कप घेऊन आत गेले. मी शेवटी वाडीचं नाव ठेवलं, कारण ज्यांना पाहणी करायची आहे आणि ज्या बातमीदारांनी हे उचलायला हवं, ते वाडीच्या नावानेच शोधणार. टाकं, डोह, झरा, धबधबा यातला एकही शब्द शीर्षकात येऊ दिला नाही. 'पाणीटंचाई', वाडीचं नाव, 'टँकर कधी?' असं ते झालं. थंबनेलवर हंड्यांची रांग. ठिकाणाची चौकट रिकामी. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत पाहणीचा वार आणि मागणी. मला वाटलं, दार कोणासाठी उघडायचं आणि कोणासाठी नाही हे मी नीट ठरवलं आहे.

एक गोष्ट मात्र मेटाडेटात मावत नव्हती. शूटिंगच्या दिवशी मी पोचले तेव्हा बायकांनी पहाटे उठून टाक्याचा काठ झाडला होता, कडेची पानं काढली होती, शेवाळ घासलं होतं, खडकाला हळद-कुंकू लावून वर पांढरी फुलं ठेवली होती. दरवर्षी पाणी आटायला लागलं की त्या ही पूजा करतात. या वर्षी कॅमेरा येणार म्हणून ती आधी उरकून घेतली होती. तक्रार दाखवायची होती, पण पाहुण्याला घाणेरडं टाकं कसं दाखवायचं? मावशी अभिमानाने म्हणाल्या, "कसं चकचकीत केलंय बग." आणि ते खरंच चकचकीत होतं. गुडघाभर पाणी, तळाचा दगड न दगड दिसतोय, वरून सकाळचं ऊन. त्यांच्या डोळ्यांना तळ दिसत होता, म्हणजे पाणी संपत आलंय. शहरातल्या माणसाला त्यात काय दिसेल ते त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी व्हिडिओ गेला. गुरुवारी दुपारी मी वीस मिनिटांच्या तपासणीला बसले आणि पहिल्या पाच मिनिटांतच उठले. एका बाईने खाली लिहिलं होतं, "ताई, तुमचं हे पाणी दुसऱ्याच्या चॅनलवर पाहिलं."

शोधलं. सापडलं. माझ्या व्हिडिओतला टाक्याचा तेवढाच तुकडा, बायकांचे आवाज काढून टाकलेले, त्यावर गाणं, आणि शीर्षक रोमनमध्ये: कर्जत सीक्रेट नॅचरल पूल. वाडी खालापूर तालुक्यात आहे, पण मुंबई-पुण्याची माणसं इथल्या सगळ्या डोंगरांना कर्जतच म्हणतात. खाली शेकडो लोक एकच विचारत होते, लोकेशन? आणि कोणा शहाण्याने उत्तर दिलं होतं. हायवेवरून कुठे वळायचं, रस्ता संपला की गाडी कुठे लावायची, सगळं.   एक अक्षर खोटं न लिहिता मी जे दार लावलं होतं, ते या माणसाने चार खोट्या शब्दांनी उघडलं होतं. ते पाणी सीक्रेट नव्हतं, पोहायचा पूल तर नव्हतंच.

मी ज्या साइटवर व्हिडिओ टाकते तिथेच चोरीची तक्रार केली. त्याला दहा मिनिटं लागली. उत्तराला किती दिवस लागतील हे कोणीच सांगत नाही, आणि रविवार तीन दिवसांवर होता. मी स्कूटर काढली.

मावशी ओट्यावर बसून नाचणी निवडत होत्या. मी फोन पुढे धरला. त्यांनी तो तुकडा दोनदा बघितला.

"गानं काय लावलंय मेल्यानं! आमी रडतोय आन् ह्यो नाचतोय."

"मावशी, रविवारी लोक येतील."

"किती?"

"माहीत नाही. दहा येतील, नाहीतर शंभर."

शेजारची एक सून दारातून म्हणाली, "दहा जनांनी पाय घातलं तरी दोन दिस पानी पिता येनार नाय गं. सोमवारी सायबाला काय दावायचं, साबनाचा फेस?"

मी येताना रस्त्यात एक गोष्ट ठरवली होती, पण ती बोलायला जीभ रेटत नव्हती. शुक्रवारचा ठरलेला व्हिडिओ बाजूला ठेवायचा आणि त्या जागी नवा टाकायचा. तिथे जायला निघालेला माणूस जे शब्द टाइप करतो, नेमके तेच शब्द त्याच्या शीर्षकात घालायचे, म्हणजे चोरलेल्या तुकड्याच्या शेजारी आमचा दिसेल. आणि त्यात सांगायचं, हे प्यायचं पाणी आहे. धोका उघड होता. ज्यांना अजून माहीत नाही त्यांनाही मीच सांगणार होते. हे माझ्या एकटीने ठरवण्यासारखं नव्हतं. मी दोन्ही बाजू सांगितल्या, जशा होत्या तशा.

मावशी नाचणीतला खडा उचलून लांब फेकत म्हणाल्या, "म्हंजे ज्या नावाला आपन भ्यालो, त्येच नाव आता आपन घ्यायचं."

"हो."

"आन् नाय घेतलं तर?"

"तर त्यांना फक्त गाणं ऐकू येईल."

त्यांनी सुनेकडे बघितलं, मग ओट्याशी जमलेल्या आणखी तिघीचौघींकडे.  "घे मंग," मावशी म्हणाल्या. "पन बोलनार मी. तू नाय. तुजं शुद्द मराटी ऐकून त्यांला झोप यील."

शुक्रवारी सकाळी शूटिंग झालं. तीन मिनिटांचा व्हिडिओ, मावशी टाक्याकडे पाठ करून उभ्या, मागे पाणी दिसत नव्हतं, फक्त त्यांचा चेहरा आणि डोक्यावरची कळशी. वाडीत नेटवर्क नाही, म्हणून मी खाली लोधिवलीला हायवेलगत एका टपरीपाशी येऊन बसले. रविवारचे तीन तास मला आता एका तासात बसवायचे होते. उन्हाचे चटके बसत होते तरी मी क्रम सोडला नाही. शोधाची चौकट उघडली. रोमनमध्ये 'कर्जत सीक्रे' एवढं टाकलं तर खाली तो चोराचा शब्दप्रयोग आता तयारच सुचवला जात होता. म्हणजे लोक शोधत होते.

शीर्षकाची पंधरा मिनिटं सुरू झाली तेव्हा बाबांना फोन केला. मला वाटलं होतं ते रागावतील.

"वाच."

"कर्जत सीक्रेट नॅचरल पूल. पुढे मराठीत: इथे पोहू नका, हे आमचं प्यायचं पाणी."

फोनवर टेंपोचा आवाज ऐकू आला. ते बाजारात असावेत.

"तालुका खालापूर आहे."

"खालापूर कोणी टाइप करत नाही, बाबा."

"म्हणून खोटं लिहायचं?"

"मग काय लिहू?"

"कर्जतजवळ लिही. जवळ तर आहे ना? आणि पूल हा शब्द तसाच ठेवणार असशील तर त्याला लगेच पुढच्या ओळीत खोटं पाड. वर्णनाची पहिली ओळ काय आहे?"

"'हा पूल नाही.'"

"हां." त्यांनी श्वास सोडला. "आता खाली नाव घाल. वाडीच्या बायकांकडून, असं. पत्रक कोणी काढलं ते कळलं पाहिजे."

मी तसं केलं. 'नियर कर्जत' असे रोमनमधले शब्द पुढे आणले आणि 'इथे पोहू नका' शक्य तितकं पुढे ओढलं, म्हणजे फोनवर कापलं गेलं तरी तेवढं राहील. थंबनेलवर मावशींचा चेहरा आणि दोनच शब्द: पोहू नका. वेळा लिहिल्या, शून्यापासून: हे पाणी कोणाचं, टाकं का आटतं, तुम्ही काय करू शकता. शेवटच्या पडद्यावर बुधवारचा व्हिडिओ जोडला. टाक्याचं नाव किंवा वाट सांगणारी प्रत्येक प्रतिक्रिया माझ्या परवानगीशिवाय दिसू नये अशी सोय केली. ठिकाणाची चौकट पुन्हा रिकामी. मग टपरीवाल्याचा फोन मागून घेतला आणि त्यावर शोधलं. चोराचा तुकडा पहिला होता. आमचा दिसतच नव्हता.

"काय शोधताय ताई?" तो म्हणाला.

"स्वतःलाच."

"मग सापडणार कसं? अर्ध्या तासानं बघा." त्याने चहा ठेवला आणि पैसे नको म्हणाला.

अर्ध्या तासाने नाही, संध्याकाळी दिसला. चोराच्या खाली, तिसऱ्या जागी. शनिवारी दुपारी त्याच्या शेजारी. चोराचा तुकडा मात्र अजून तसाच होता, आणि खालची वाट सांगणारी प्रतिक्रियाही.

रविवारी मी नऊला टेबलाशी बसले नाही. गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच. त्या वेळी मी वाडीच्या तोंडाशी, जिथे डांबर संपतं तिथे, मावशी आणि पाच बायकांबरोबर उभी होते. हातात काठ्या नव्हत्या. मावशींच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या होता, आणि तो कशाला हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा दोन मोटारसायकली आल्या. पुढच्या मुलीने हेल्मेट काढलं, मावशींकडे बघितलं आणि मागच्याच्या दंडाला चिमटा काढला. "अरे, त्याच आहेत. व्हिडिओतल्या." मग आमच्याकडे वळून, "मावशी, आम्ही पोहायला नाही आलो हां. नुसतं बघायला."

"मला बगितलंस ना? झालं मंग," मावशी म्हणाल्या, आणि सगळ्या बायका हसल्या. मुलगीही हसली. ते दहा मिनिटं थांबले, फोटो न काढता गेले.

मग एक मोठी गाडी आली. सहा जण, टॉवेल खांद्यावर, गाणं तेच. त्यांनी आमचा व्हिडिओ बघितला नव्हता. एकाने फोनवरचा चोराचा तुकडा माझ्यापुढे नाचवला.

"ये पूल किधर है?"

"पूल नाही. वाडीचं प्यायचं पाणी आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. पत्रकात वाढलेल्या माणसाला आवाज खाली ठेवता येत नाही. "रोज इथल्या बायका..."

"अरे मॅडम, पाच मिनिटं. पाय बुडवून येतो. तुमच्या बापाचं आहे का?"

मी पुढे सरले. मावशींनी मला हाताने मागे सारलं, जसं गुरांना बाजूला करतात तसं, न बघता. मग त्या तांब्या घेऊन त्या पोराच्या अगदी समोर गेल्या.

"लांबून आलायस ना? ऊन लय हाय. आदी पानी पी."

पोराला कळेना. त्याने बाकीच्यांकडे बघितलं. त्यातला एक म्हणाला, "पी रे, दे रही है तो."

त्याने घेतलं. ऊन खरंच कडक होतं. अर्धा तांब्या एका दमात प्यायला. मग दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. मावशींनी प्रत्येकाचं पिऊन होईपर्यंत वाट बघितली.

"गोड हाय ना?"

"हां, मस्त."

"त्येच टाक्यातलं हाय. आता जा, पाय बुडव."

 जो पहिल्यांदा प्यायला होता तो तांब्याकडे बघत राहिला. गाडीतलं गाणं वाजतच होतं, मग ड्रायव्हरने हात घालून बंद केलं. ते लगेच गेले असं नाही. दोघं कडेला जाऊन कुजबुजले, एकाने शिवी घातली, ती आम्हाला ऐकू यावी अशीच. पण गाडी वळली.

त्या दिवशी आणखी चार गाड्या आल्या. तांब्या तीनदा भरून आणावा लागला, आणि टाक्यात पाणी आधीच कमी, हे मला प्रत्येक वेळी टोचत होतं. एक गाडी आमच्याकडे न थांबता पुढे गेली. त्यातली दोन पोरं टाक्यापर्यंत पोचली. ती शेजारची सून मागे धावली आणि त्यांना काठावरूनच परत घेऊन आली. काय म्हणाली ते तिने सांगितलं नाही.

संध्याकाळी आम्ही टाक्यापाशी गेलो. फुलं सुकून काळी पडली होती. काठावर एका बुटाचा ओला ठसा होता, बाकी काही नाही. तळ दिसत होता. मावशींनी ओंजळ बुडवली, वास घेतला, प्यायल्या.

"सोमवारी सायबाला बी तांब्या देऊ," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "त्ये नाव आता काढशील का गं? पूल-बिल."

"तुम्ही सांगा."

"मला इचारू नको. तुजं कवा बगायचं असतं?"

"गुरुवारी दुपारी. वीस मिनिटं."

"मंग गुरुवारी यी. हितंच बस. मी बी बगते."

मी घरी आले तेव्हा बाबांनी टेबलावर दिवा लावून ठेवला होता. येत्या आठवड्याचे तीन व्हिडिओ बिननावाचे पडले होते. मी शोधाची चौकट उघडली आणि पहिल्या अर्ध्या तासाला बसले.